इलेक्ट्रॉनिक अभिलेखाचे प्रमाणपत्र : जालन्याच्या खटल्याच्या आधारे एक अभ्यास

कायद्याच्या परीक्षेस बसणारी मुले-मुली आता आपल्या पुष्कळ घरांत आहेत. पुराव्याच्या कायद्याच्या प्रश्नपत्रिकेत इलेक्ट्रॉनिक अभिलेखावर एखादा प्रश्न बहुधा असतोच, आणि त्याची उत्तरे वाचताना आम्हांस वारंवार एक गोष्ट आढळली. विद्यार्थ्यांस कलमाचा क्रमांक पाठ असतो, खटल्यांची नावे पाठ असतात; परंतु प्रमाणपत्र मुळात कशासाठी मागितले जाते, हे मात्र त्यांनी मनाशी ठरविलेले नसते. त्यामुळे उत्तर पहिल्या परिच्छेदातच घसरते व पुढे सावरत नाही. प्रस्तुत लेखात आम्ही या विषयाचा सर्व विस्तार न करता एकच खटला घेऊन तो सावकाश पाहणार आहोत. ज्यांस परीक्षा द्यावयाची नाही त्यांसही तो उपयोगी पडावा; कारण आज दुकानातील कॅमेरा, हातातील मोबाइल आणि बँकेचा उतारा हे प्रत्येक घरच्या व्यवहाराचे साक्षीदार झाले आहेत.

प्रथम मूळ कल्पना पाहू. जमिनीचे खरेदीखत हरवले तर आपण दुय्यम निबंधकाच्या कचेरीतून नक्कल काढतो. त्या नकलेवर ‘खरी नक्कल’ असा शेरा, शिक्का व सही असते. तो शेरा खरेदीखतातील मजकूर सत्य आहे असे सांगत नाही. विकणाऱ्याने पैसे खरोखर घेतले की नाही, सही दबावाखाली झाली की काय, या गोष्टींशी त्या शिक्क्याचा संबंध नाही. तो एवढेच सांगतो की कचेरीतील दस्तात जे आहे तेच या कागदावर उतरले आहे. इलेक्ट्रॉनिक अभिलेखाचे प्रमाणपत्र हे जवळजवळ याच जातीचे आहे. कागदावर खाडाखोड केली तर डोळ्यांस दिसते. संगणकातील फाइलमध्ये केलेला बदल दिसत नाही, आणि शंभरावी प्रतही पहिलीइतकीच स्वच्छ दिसते. म्हणून कायदा विचारतो : ही प्रत कोणत्या यंत्रातून निघाली, ते यंत्र कोणाच्या ताब्यात होते, ते नीट चालत होते काय, आणि प्रत कशी काढली? या प्रश्नांस जबाबदार माणसाने सही करून दिलेले उत्तर म्हणजे प्रमाणपत्र होय.

जुन्या १८७२ च्या पुरावा कायद्यात ही तरतूद मुळात नव्हती. माहिती तंत्रज्ञान कायद्याने ती १७ ऑक्टोबर २००० पासून कलम ६५-अ व ६५-ब या रूपाने घातली. काही वर्षे न्यायालये तिच्याकडे काणाडोळा करून जुन्या दुय्यम पुराव्याच्या कलमांखालीच छापील उतारे घेत असत. संसदेवरील हल्ल्याच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये तसे घेतलेही. पुढे केरळातील एका निवडणूक खटल्यात, अन्वर विरुद्ध बशीर या निकालात, १८ सप्टेंबर २०१४ रोजी तीन न्यायमूर्तींच्या पीठाने तो मार्ग बंद केला. त्या खटल्यात प्रचाराच्या गाण्यांच्या व भाषणांच्या तबकड्या दाखल झाल्या होत्या, प्रमाणपत्र नव्हते, आणि म्हणून त्या तबकड्या पुराव्यातून बाद झाल्या.

ही तारीख लक्षात ठेवावी. कारण तिच्यानंतर अवघ्या नवव्या दिवशी, २७ सप्टेंबर २०१४ रोजी, जालना शहरात जे घडले त्यावरून या विषयाचा आजचा मुख्य निकाल निघाला. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेपूर्वी जालना आणि आपले बिदर एकाच हैदराबाद राज्यात होते. आज मध्ये राज्याची सीमा आहे. परंतु सर्वोच्च न्यायालयाने सांगितलेला कायदा भारतातील सर्व न्यायालयांस बंधनकारक असल्यामुळे, जालन्याच्या तबकड्यांवरून ठरलेली गोष्ट बिदरच्या दिवाणी न्यायालयासही तितकीच लागू आहे.

महाराष्ट्र विधानसभेच्या त्या निवडणुकीत उमेदवारी अर्ज भरण्याचा तो शेवटचा दिवस होता. लोकप्रतिनिधित्वाच्या कायद्याप्रमाणे अर्ज सकाळी अकरा ते दुपारी तीन या वेळातच द्यावा लागतो. मतमोजणीत अर्जुन पंडितराव खोतकर यांस ४५,०७८ मते पडली, कैलास गोरंट्याल यांस ४४,७८२ पडली; म्हणजे निकाल अवघ्या २९६ मतांनी लागला. गोरंट्याल यांनी व एका मतदाराने मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठात दोन निवडणूक याचिका केल्या. त्यांचे म्हणणे असे की, खोतकर यांचे अर्ज तीन वाजून गेल्यानंतर दिले गेले, तरी ते वेळेत आल्याचे दाखवून स्वीकारले गेले. निवडून आलेल्या उमेदवाराचाच अर्ज गैररीतीने स्वीकारला गेला असेल तर त्याची निवडणूक टिकत नाही. तेव्हा सारा वाद घड्याळाच्या काट्यावर येऊन ठेपला.

घड्याळाचा साक्षीदार होता कॅमेरा. निवडणूक निर्णय अधिकाऱ्याच्या दालनात व दालनाबाहेर निवडणूक यंत्रणेने चित्रीकरण करविले होते. उच्च न्यायालयाने मूळ चित्रीकरणासह सर्व अभिलेख हजर करण्यास सांगितले. प्रत्यक्षात न्यायालयापुढे आल्या त्या चित्रीकरणाच्या तबकड्या, म्हणजे प्रती. सोबत कलम ६५-ब चे प्रमाणपत्र नव्हते. याचिकाकर्त्यांनी ते पुन्हा पुन्हा मागितले. ज्यांच्या ताब्यात यंत्र व अभिलेख होते त्या अधिकाऱ्यांनी ते दिले नाही. न्यायालयाचा आदेश होऊनही दिले नाही.

येथे विद्यार्थ्याने थांबून स्वतःस विचारावे, की मी न्यायाधीश असतो तर काय केले असते? एका बाजूस कायद्याचे अक्षर आहे. दुसऱ्या बाजूस असा पक्षकार आहे की, ज्याच्या हाती यंत्रही नाही आणि प्रमाणपत्र देण्याचा अधिकारही नाही. उच्च न्यायालयाने मधला मार्ग काढला. निवडणूक निर्णय अधिकाऱ्यांची साक्ष झाली होती व उलटतपासणीत त्यांनी हे चित्रीकरण नेहमीच्या कामकाजाचा भाग म्हणून झाल्याचे मान्य केले होते. प्रमाणपत्रात जे लिहावयाचे ते जबाबदार अधिकाऱ्याने शपथेवर तोंडी सांगितले, म्हणून कायद्याची पुरेशी पूर्तता झाली, असे मानून न्यायालयाने तबकड्या वाचल्या. इतर पुरावाही पाहिला. आणि २४ नोव्हेंबर २०१७ रोजी निवडणूक रद्द ठरविली.

खोतकर यांनी सर्वोच्च न्यायालयात अपील केले. त्या सुमारास कायद्याचे चित्र आणखी गढूळ झाले होते. ३० जानेवारी २०१८ च्या शफी मोहम्मद या निकालात दोन न्यायमूर्तींच्या पीठाने सांगितले होते की, प्रमाणपत्राची अट ही कार्यपद्धतीची बाब आहे, आणि ज्याच्या ताब्यात यंत्र नाही अशा पक्षकारास न्यायाच्या हितासाठी तीतून सूट देता येते. तीन न्यायमूर्ती एक सांगतात, दोन न्यायमूर्ती दुसरे सांगतात. तेव्हा २०१९ मध्ये प्रकरण मोठ्या पीठाकडे पाठविले गेले. १४ जुलै २०२० रोजी न्यायमूर्ती नरिमन, रवींद्र भट व रामसुब्रमणियन यांच्या पीठाने निकाल दिला. अर्जुन पंडितराव खोतकर विरुद्ध कैलास कुशनराव गोरंट्याल हे त्याचे नाव. परीक्षेत नुसते ‘अर्जुन पंडितराव’ लिहिले तरी ओळखले जाते.

न्यायालयाने काय ठरविले, ते आम्ही एकेक पायरीने सांगतो.

कलम ६५-ब मूळ यंत्रातील अभिलेख व त्यापासून काढलेली प्रत यांत फरक करते, ही पहिली पायरी. लॅपटॉप, टॅब्लेट किंवा मोबाइल यांचा धनी स्वतः साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभा राहिला, यंत्र न्यायालयात आणले आणि ‘हे माझे, मी चालवितो, मूळ माहिती प्रथम यातच साठली’ असे शाबीत केले, तर प्रमाणपत्राची गरज नाही. तेथे नक्कल नाहीच. मग खऱ्या नकलेचा शिक्का कशावर मारावयाचा? परंतु यंत्र मोठ्या जाळ्याचा भाग असेल व उचलून आणणे शक्य नसेल, जसे बँकेचा किंवा दूरध्वनी कंपनीचा संगणक, तर प्रत आणावी लागते आणि प्रतीबरोबर प्रमाणपत्र हवेच.

दुसरी पायरी अशी की, प्रत आणली असेल तर प्रमाणपत्र ही पुरावा ग्राह्य होण्याची पूर्वअट आहे आणि तिची जागा तोंडी साक्ष घेऊ शकत नाही. कायद्याने एखादी गोष्ट विशिष्ट रीतीने करण्यास सांगितले असेल तर ती त्याच रीतीने करावी, दुसऱ्या रीतीने नव्हे, हे जुने तत्त्व येथे लावले गेले. म्हणजे उच्च न्यायालयाचा मधला मार्ग चुकीचा ठरला. अन्वर हा निकाल बरोबर ठरला, शफी मोहम्मद रद्द झाला. एक बारीक गोष्टही न्यायालयाने सांगितली. कलमात प्रमाणपत्राने ‘पुढीलपैकी कोणतीही’ गोष्ट करावी अशी शब्दयोजना आहे. न्यायालय म्हणाले, ती ‘पुढील सर्व’ अशी वाचावी. अभिलेख कोणता व तो कसा निघाला हे सांगणे, यंत्राचा तपशील देणे, आणि यंत्र नियमित वापरात व सुस्थितीत असल्याच्या अटींविषयी लिहिणे, ही तिन्ही कामे एकाच प्रमाणपत्राने केली पाहिजेत.

तिसरी पायरी सर्वांत मोलाची आहे आणि विद्यार्थी तीच विसरतात. यंत्र परक्याच्या ताब्यात असून तो प्रमाणपत्र देत नसेल, तर पक्षकाराने न्यायालयाकडे अर्ज करावा. न्यायालयास ते मागविण्याचा अधिकार आहे. दिवाणी दाव्यात दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश १६ खाली साक्षीदारास व कागदास समन्स निघते. न्यायाधीशास स्वतः होऊन कागद मागविण्याचा अधिकार जुन्या कायद्याच्या कलम १६५ ने होता, तो आता नव्या कायद्याच्या कलम १६८ मध्ये आहे. आणि पक्षकाराने आपल्याकडून करण्यासारखे सर्व केले, मागितले, अर्ज केला, आदेश मिळविला, तरीही प्रमाणपत्र आले नाही, तर? तर कायदा अशक्य गोष्ट करावयास कोणास भाग पाडीत नाही. जालन्याच्या याचिकाकर्त्यांनी हे सर्व केले होते, म्हणून त्यांस त्या अटीतून मोकळे समजण्यात आले.

शफी मोहम्मद व अर्जुन पंडितराव यांतील भेद येथे नीट पाहावा. दोन्हींमध्ये सूट आहेच की, असे वरवर वाटते. परंतु पहिल्यात ‘यंत्र माझ्याकडे नाही’ एवढे म्हटले की सूट मिळे. दुसऱ्यात नुसते म्हणून भागत नाही. हातपाय हलविल्याचा कागदोपत्री पुरावा द्यावा लागतो. पहिला दार उघडे ठेवतो, दुसरा दार ठोठावल्याची खूण मागतो. आमच्या मते या एका प्रश्नावर चांगले उत्तर व साधारण उत्तर वेगळे होते.

आणि अपिलाचे काय झाले? ते फेटाळले गेले. खोतकर यांनी दोन्ही प्रतिवादींस प्रत्येकी एक लाख रुपये खर्च द्यावा असा हुकूम झाला. तबकड्या बाजूस ठेवल्या तरी अन्य कागदोपत्री व तोंडी पुराव्यावरून अर्ज उशिरा आल्याचा उच्च न्यायालयाचा निष्कर्ष टिकतो, असे न्यायालयाने पाहिले. कित्येक विद्यार्थी लिहितात की, प्रमाणपत्र नव्हते म्हणून खोतकर जिंकले. प्रमाणपत्र अनिवार्य ठरले हे वाचून पुढचे त्यांनी अनुमानाने लिहिलेले असते. कायद्याच्या मुद्द्यावर जो बरोबर होता तो खटला हरला, हे लक्षात ठेवले की तिन्ही पायऱ्या आपोआप आठवतात. निकाल लागेपर्यंत २०१९ ची पुढची निवडणूकही होऊन गेली होती, ही गोष्ट मात्र कोणत्याही कलमात बसत नाही.

यानंतर कायदाच बदलला. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ अमलात आला. जुने ६५-ब आता कलम ६३ झाले आहे. गाभा तोच आहे, परंतु तीन फरक विद्यार्थ्याने सांगितलेच पाहिजेत. पूर्वी प्रमाणपत्राचा ठरीव नमुना नव्हता. आता तो अधिनियमाच्या अनुसूचीत दिला आहे. पूर्वी एक सही पुरे. आता नमुन्याचे दोन भाग आहेत. ‘अ’ भाग यंत्राचा किंवा त्या कामाचा ताबेदार भरतो आणि ‘ब’ भाग तज्ज्ञ भरतो. तज्ज्ञ म्हणजे नेमका कोण, याची व्याख्या त्या कलमात नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्याखालील इलेक्ट्रॉनिक पुराव्याच्या परीक्षकाचा उल्लेख कलम ३९ मध्ये आहे, पण ‘ब’ भाग केवळ त्यानेच भरावा असे शब्द कलम ६३ मध्ये नाहीत. तिसरा फरक असा की, दोन्ही भागांत अभिलेखाचे हॅश मूल्य लिहावयाचे असते.

हॅश मूल्य हा शब्द ऐकून घाबरू नये. फाइलमधील सर्व अक्षरे-अंक एका ठरीव गणिती रीतीतून काढले की एक छोटी मालिका मिळते. एसएचए-२५६ या रीतीने ती ६४ चिन्हांची असते. फाइल एक मिनिटाची असो की दहा तासांची, चिन्हे ६४ च. फाइलमधील एक बिंदू बदलला तरी सारी मालिका बदलते. म्हणजे ती फाइलच्या अंगठ्याचा ठसाच समजा. विंडोजच्या संगणकावर ती पुढील एका ओळीने निघते :

```
certutil -hashfile VID_01.mp4 SHA256
```

आज निघालेले मूल्य व सहा महिन्यांनी न्यायालयात निघालेले मूल्य जुळले, तर मधल्या काळात फाइलला कोणी हात लावला नाही हे दिसते. मात्र पहिले मूल्य काढण्यापूर्वी कोणी फेरफार केला असेल तर हॅश मूल्य त्याविषयी काहीच सांगत नाही. आणखी एक सापळा असा की, व्हॉट्सअ‍ॅपवरून नेहमीच्या रीतीने चित्रफीत पाठविली की ती लहान केली जाते. पोचलेली फाइल वेगळी फाइल होते व तिचे मूल्य जुळत नाही. तेव्हा वकिलाकडे चित्रफीत पाठविण्याची ही सोयीची रीत पुराव्याच्या मुळावर येते.

आता एक उदाहरण सोडवून पाहू. परीक्षेत येते तसे ते काल्पनिक आहे, पण आपल्या भागातले आहे. एका शेतकऱ्याने १० जानेवारी २०२५ रोजी बिदरच्या बाजारात एका अडत्याकडे २० क्विंटल तूर उतरविली. पैसे आठ दिवसांनी देण्याचे ठरले. पुढे अडत्या म्हणू लागला की, माल १२ क्विंटलच आला. शेतकऱ्याच्या मुलाने मापाच्या वेळी आपल्या मोबाइलवर चित्रफीत घेतली आहे. तिची प्रत पेनड्राइव्हवर काढून शेतकऱ्याने दाव्यासोबत दाखल केली आहे. अडत्याच्या दुकानातही कॅमेरा आहे व त्याचे चित्रण त्याच्या डीव्हीआर यंत्रात साठते. प्रश्न : कोणता पुरावा कसा शाबीत करावा?

प्रथम कोणता कायदा लागतो ते लिहावे. व्यवहार व दावा दोन्ही १ जुलै २०२४ नंतरचे आहेत, म्हणून नवा अधिनियम. येथे विद्यार्थी घटनेच्या तारखेकडेच पाहतात. परंतु नव्या अधिनियमाचे कलम १७० सांगते की, तो अमलात येण्याच्या लगत आधी जी चौकशी, तपास, दावा, खटला किंवा अपील प्रलंबित होते ते जुन्या कायद्यानेच चालेल. तेव्हा पाहावयाचे ते प्रकरण केव्हापासून प्रलंबित आहे हे.

त्यानंतर पेनड्राइव्ह. ती प्रत आहे, म्हणून कलम ६३ चे प्रमाणपत्र हवे, आणि ते अभिलेखाबरोबरच, म्हणजे अभिलेख जेव्हा जेव्हा पुराव्यासाठी दाखल होईल तेव्हा तेव्हा, द्यावयाचे आहे. ‘अ’ भागावर सही कोणाची? बहुतेक विद्यार्थी लिहितात, वादीची, म्हणजे शेतकऱ्याची. पण मोबाइल मुलाचा आहे, तो त्याच्या ताब्यात आहे, चित्रण त्याने केले. सही मुलाचीच हवी. यंत्राच्या खान्यांपैकी मोबाइलवर खूण करावी. त्याची जात, नमुना, रंग, आयएमईआय क्रमांक लिहावा. फाइलचे हॅश मूल्य व ते कोणत्या रीतीने काढले हे लिहावे. तारीख, वेळ व ठिकाण घालावे. मग तज्ज्ञाचा ‘ब’ भाग जोडावा व हॅशचा अहवाल सोबत लावावा.

दुसरा मार्गही आहे, आणि चांगला विद्यार्थी तो लिहितो. मुलाने स्वतः मोबाइल घेऊन साक्षीस यावे, तो आपला असल्याचे व चित्रण आपण केल्याचे शपथेवर सांगावे. मूळ फाइल त्यातच असल्याने अर्जुन पंडितरावच्या पहिल्या पायरीप्रमाणे प्रमाणपत्राची अट लागत नाही. अडचण अशी की, दावा वर्षानुवर्षे चालतो. मोबाइल दरम्यान फुटतो, विकला जातो, किंवा जागा अपुरी पडली म्हणून घरातले कोणीतरी फाइल पुसून टाकते. तेव्हा दोन्ही तयारी ठेवणे हेच शहाणपणाचे.

नव्या अधिनियमाच्या कलम ५७ च्या स्पष्टीकरणांनी प्राथमिक पुराव्याची कक्षा रुंदावली आहे. एकाच वेळी अनेक ठिकाणी साठलेल्या प्रत्येक चित्रणास ते प्राथमिक मानते, आणि योग्य ताब्यातून आलेला अभिलेख त्याविषयी वाद नसेल तर प्राथमिक मानते. त्यावरून काही विद्यार्थी असे ठोकून देतात की, प्रमाणपत्र आता इतिहासजमा झाले. तसे असते तर संसदेने अनुसूचीत दोन भागांचा नमुना कशाला घातला असता? शिवाय इलेक्ट्रॉनिक अभिलेख नाकारू नये असे सांगणारे कलम ६१ सुद्धा ‘कलम ६३ च्या अधीन’ असे म्हणते. आमच्या उदाहरणात तर अडत्या वाद घालणारच. म्हणून कलम ५७ चा मुद्दा लिहावा, परंतु त्यावर विसंबून पेनड्राइव्ह उघडी दाखल करू नये.

राहिला अडत्याचा डीव्हीआर. तो प्रतिपक्षाच्या ताब्यात आहे आणि तो त्याच्याविरुद्ध बोलणार आहे. येथे आपण थेट जालन्यास येऊन पोचतो. शेतकऱ्याने काय करावे? आधी लेखी नोटीस द्यावी की, १० जानेवारीचे चित्रण जपून ठेवा. ही घाई कशासाठी, तर डीव्हीआरची डिस्क भरली की यंत्र सर्वांत जुन्या चित्रणावर नवे चित्रण लिहीत जाते. किती दिवसांनी, हे डिस्कच्या आकारावर व कॅमेऱ्यांच्या संख्येवर अवलंबून असते, पण दुकानातील साध्या यंत्रात ही मुदत पुष्कळदा काही आठवड्यांचीच असते. नोटीस पोचल्याची पावती ठेवावी. मग दावा दाखल होताच न्यायालयाकडे अर्ज करून चित्रण प्रमाणपत्रासह हजर करण्याचा आदेश मागावा. अडत्याने प्रत दिली व प्रमाणपत्र दिले नाही, तर नोटीस, पावती, अर्ज व आदेश हे चारही कागद पुढे ठेवून तिसऱ्या पायरीचा लाभ मागावा. यांपैकी एकही कागद नसेल तर तो लाभ मिळणार नाही. आणि चित्रणच पुसले गेले असेल तर? अट माफ झाल्याने पुसलेले परत येत नाही. तेव्हा अडत्याने नोटिशीनंतर पुरावा नष्ट होऊ दिला, यावरून त्याच्याविरुद्ध अनुमान काढावे, असा निराळा युक्तिवाद करावा लागतो. त्या युक्तिवादासही पावती लागतेच.

डीव्हीआरविषयी एक व्यवहारातली गोष्ट सांगण्यासारखी आहे. या यंत्राचे घड्याळ पुष्कळदा मागे किंवा पुढे असते. वीज गेली, कोणी पुन्हा लावले नाही, म्हणून पडद्यावर भलतीच वेळ उमटते. प्रत काढताना पडद्यावरील वेळ व खरी वेळ शेजारी शेजारी लिहून फरकाची नोंद प्रमाणपत्रासोबत ठेवली, तर उलटतपासणीत त्यावरून गोंधळ उडविता येत नाही. जालन्यातला वाद जसा तीन वाजण्याचा होता, तसे वाद असतात तेव्हा ही दहा मिनिटे फार महाग पडतात.

एक शेवटचा सापळा. प्रमाणपत्र पुरे झाले, अभिलेख ग्राह्य ठरला, की विद्यार्थी लिहितो : म्हणून २० क्विंटल माल दिल्याचे शाबीत झाले. नाही. ग्राह्य होणे म्हणजे न्यायाधीशाने तो पुरावा पाहावयास घेणे. चित्रफितीत २० क्विंटलची पोती दिसतात की १२ ची, ती पोती याच शेतकऱ्याची की मागच्या गाडीवाल्याची, काट्यावरचा आकडा वाचता येतो काय, हे सर्व त्यानंतर साक्षीने ठरावयाचे. उलट प्रतिपक्षानेही हरकत वेळीच घेतली पाहिजे. सोनू विरुद्ध हरियाणा राज्य या २०१७ च्या निकालाप्रमाणे, प्रमाणपत्र नाही ही हरकत खालच्या न्यायालयात पुरावा दाखल होताना घेतली नाही, तर ती अपिलात प्रथमच काढता येत नाही. कारण ती शाबितीच्या रीतीविषयीची हरकत आहे आणि तेव्हा घेतली असती तर उणीव भरून काढता आली असती. अर्जुन पंडितराव निकालानेही एवढी मोकळीक ठेवली आहे की, खटला संपलेला नसेल तर योग्य प्रसंगी न्यायालय पुढच्या टप्प्यावर प्रमाणपत्र दाखल करू देऊ शकते. फौजदारी खटल्यात मात्र त्यामुळे आरोपीचे नुकसान होत नाही ना, हे पाहूनच. म्हणून परीक्षेत ‘दाव्यासोबत प्रमाणपत्र नव्हते, परिणाम काय?’ असे विचारले असता ‘पुरावा बाद’ हे दोन शब्द लिहून थांबू नये; हरकत घेतली होती काय, कोणत्या टप्प्यावर घेतली, आणि खटला अजून चालू आहे काय, हे तीन प्रश्न स्वतःस विचारून मग उत्तरास आरंभ करावा.